गाण्यांच्या अ‍ॅपमध्ये पुस्तक ऐकताना तास कुठे जातात

स्पॉटिफायच्या शोधपट्टीत एखाद्या गाजलेल्या कादंबरीचं नाव टाका. निकालात त्याच नावाच्या तीन गोष्टी येऊ शकतात: प्रकाशकाने दिलेलं ऑडिओबुक, त्या कादंबरीवर गप्पा मारणाऱ्या पॉडकास्टचा भाग आणि कुणीतरी प्रकरणवार ध्वनिमुद्रित करून गाण्यांच्या विभागात टाकलेला अल्बम. तिन्हींवर प्ले बटन सारखंच असतं, पण त्यामागचा हिशेब वेगळा असतो. ऑडिओबुक सुरू केलं की वर्गणीत महिन्याला मिळणाऱ्या तासांतून वेळ वजा होतो. पॉडकास्ट कितीही ऐका, काहीही वजा होत नाही. अल्बम गाण्याच्या नियमांनी चालतो. म्हणूनच प्ले दाबण्याआधी समोरची गोष्ट या तिघांपैकी कोणती, हे ओळखता यायला हवं. ते जमलं की पुढचे बहुतेक गोंधळ टळतात.

इथे उदाहरण म्हणून स्पॉटिफायच घेतलं आहे, कारण तासांची मर्यादा तिथे सगळ्यात ठळकपणे दिसते. प्रीमियम वर्गणीत ऑडिओबुकचे तास देण्याची सुरुवात ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात झाली, नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत, आणि नंतर एकेक देश वाढत गेला. सुरुवातीची मर्यादा महिन्याला १५ तासांची होती. नंतर आलेल्या काही देशांत ती १२ तासांची आहे.

आधी ओळख, मग शोध

नाव टाकून शोधल्यावर शोधपट्टीच्या खाली छोट्या बटनांची, म्हणजे गोळ्यांची, एक रांग येते. ती बोटाने बाजूला सरकवली की `Podcasts & Shows` आणि `Audiobooks` हे पर्याय दिसतात. आधी यातला एक निवडा आणि मगच निकाल वाचा. न निवडता शोधलं तर वरच्या जागा बहुतेक वेळा गाणी आणि कलाकारच अडवतात, आणि पुस्तक खाली राहून जातं. पहिल्या पानावरही `Music`, `Podcasts`, `Audiobooks` अशा गोळ्या असतात, पण तिथे सुचवण्या दिसतात, शोध होत नाही. नेमकं पुस्तक हवं असेल तर शोधपट्टीच बरी.

पुस्तकाच्या नावाने काही सापडलं नाही, तर लेखकाच्या नावाने शोधा आणि त्यानंतर वाचकाच्या, म्हणजे ज्याने आवाज दिला आहे त्याच्या नावाने. ऑडिओबुकच्या पानावर लेखक आणि वाचक दोघांचीही नावं असतात, आणि एखाद्याचा आवाज आवडला की त्याने वाचलेली बाकीची पुस्तकं शोधायला हाच सगळ्यात जवळचा रस्ता. देवनागरी नावांच्या बाबतीत एक सवय लावून घ्या: तेच नाव एकदा देवनागरीत आणि एकदा रोमन अक्षरांत टाकून पाहायचं. पॉडकास्ट करणाऱ्याने मालिकेचं नाव ज्या लिपीत नोंदवलं असेल, त्या लिपीत टाकल्यावरच ते हमखास सापडतं. रोमनमध्ये तर `katha` आणि `kathaa` एवढ्या फरकानेही निकाल बदलू शकतो.

आता ओळखीच्या खुणा. ऑडिओबुकच्या पानावर लेखक, वाचक, एकूण कालावधी आणि प्रकरणांची यादी असते. पुस्तक तुमच्या वर्गणीत बसत असेल तर तसं लिहिलेलं असतं, बसत नसेल तर कुलपाचं चिन्ह दिसतं. पॉडकास्टच्या पानावर `Follow` बटन असतं आणि भागांसमोर तारखा असतात. अल्बमला यातलं काहीच नसतं. तिथे नुसत्या क्रमांकवार ओळी असतात आणि लेखकाचं नाव कलाकाराच्या जागी छापलेलं असतं. शंका असेल तर तारीख, वाचक आणि क्रमांक यांपैकी काय दिसतं तेवढं पाहा, दहा सेकंदांत उलगडा होतो.

`Audiobooks` ही गोळीच दिसत नसेल तर सेटिंगमध्ये शोधाशोध करून काही हाती लागत नाही. तुमचं खातं ज्या देशात नोंदलं आहे, तिथे ही सोय सुरू झालेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. अशा वेळी पुस्तकं ऐकायला पॉडकास्टचा मार्ग उरतो, आणि तो अगदीच वाईट नाही. लिब्रिवॉक्स हा उपक्रम २००५ पासून स्वामित्वहक्क संपलेली पुस्तकं स्वयंसेवकांकडून वाचून घेतो आणि ती सगळ्यांसाठी मोफत ठेवतो. अशी वाचनं पॉडकास्टच्या रूपात मिळतात आणि त्यांना तासांची कसलीच अट नसते.

पॉडकास्टला मर्यादा का नाही

पॉडकास्ट मुळात अ‍ॅपच्या मालकीचा नसतो. तो करणारा माणूस किंवा संस्था आपला आवाज एका ठिकाणी ठेवते, आणि आरएसएस नावाच्या सार्वजनिक यादीतून अनेक अ‍ॅप तो उचलतात. खर्च बहुधा जाहिरातींतून निघतो. त्यामुळे जास्त ऐकलं तर कुणाचंच नुकसान होत नाही. फुकट खात्यातही पॉडकास्टचा कुठलाही भाग निवडता येतो, मागे-पुढे सरकवता येतो आणि फोनमध्ये उतरवूनही घेता येतो. गाणी उतरवायला मात्र प्रीमियम लागतंच. फुकट खातं वापरणाऱ्या पुष्कळांना हा फरक माहीतच नसतो आणि ते प्रवासात पॉडकास्टवर उगाच डेटा जाळतात.

याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. प्रीमियम घेतल्यावर गाण्यांमधल्या जाहिराती जातात, पण सादरकर्त्याने स्वतःच्या तोंडून वाचलेली जाहिरात पॉडकास्टच्या ध्वनिमुद्रणातच असते. ती काढण्याचं बटन कुठेही नाही. पंधरा सेकंद पुढे नेणारं बटन दोन-चारदा दाबणं हाच त्यावरचा उपाय.

नेहमी ऐकायची मालिका `Follow` करा, म्हणजे ती `Your Library` मध्ये राहते. तिथेही वरच्या गोळ्यांमधून `Podcasts` निवडलं की गाण्यांच्या याद्या बाजूला होतात. एकच भाग आवडला असेल तर अख्खी मालिका धरून ठेवायची गरज नाही. त्या भागासमोरच्या अधिक चिन्हावर दाबलं की तो `Your Episodes` या यादीत जातो. पॉडकास्ट चित्रफितीसह येत असेल तर डेटाच्या सेटिंगमध्ये फक्त आवाज चालू ठेवण्याचा पर्याय असतो, तो लावून घ्या. तासभराचा नुसता आवाज ९६ केबीपीएस दर्जाला साधारण ४३ एमबी खातो. चित्र आलं की हा आकडा कितीतरी पटींनी वाढतो.

पुस्तकाचा मीटर

गाणं तीन-चार मिनिटांचं असतं. महिन्याच्या वर्गणीतून हक्कदारांना जाणारी रक्कम किती गाणी किती वेळा वाजली यावर ठरते, आणि ३० सेकंद वाजलं की ते एकदा वाजल्याचं धरलं जातं. दहा तासांचं पुस्तक या हिशेबात बसत नाही. एका माणसाने महिनाभर पुस्तकंच ऐकली तर त्याच वर्गणीतून प्रकाशकांना द्यायची रक्कम फुगत जाते. म्हणून तासांची मर्यादा घातलेली असते. त्या मर्यादेच्या चार गोष्टी नीट समजून घेतल्या की आश्चर्याचे धक्के बसत नाहीत.

पहिली गोष्ट तारखेची. तास एक तारखेला नव्याने मिळत नाहीत, तुमच्या वर्गणीचं बिल ज्या तारखेला लागतं त्या तारखेला मिळतात. आणि उरलेले तास पुढच्या महिन्यात जात नाहीत. बिलाची तारीख १८ असेल आणि १७ च्या रात्री चार तास शिल्लक असतील, तर ते तिथेच संपले.

दुसरी गोष्ट वेगाची, आणि इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. वेग दीडपट केला की घड्याळात वेळ वाचतो, मीटरमध्ये वाचत नाही. मोजणी पुस्तकाच्या मूळ वेगावर होते. तासाभराचं प्रकरण दुप्पट वेगाने अर्ध्या तासात संपवलं, तरी वजा एक तासच होतो. एक प्रकरण पुन्हा पहिल्यापासून ऐकलं तर तेही पुन्हा मोजलं जातं. खात्री करून घ्यायची असेल तर शिल्लक पाहून ठेवा, दुप्पट वेगाने दहा मिनिटं ऐका आणि परत शिल्लक पाहा. सुमारे वीस मिनिटं गेलेली दिसतील.

तिसरी गोष्ट उतरवून ऐकण्याची. पुस्तक फोनमध्ये उतरवलं म्हणून ते मोजणीतून सुटत नाही. नेट नसताना ऐकलेला वेळ नंतर जोडणी झाल्यावर नोंदवला जातो. त्यामुळे प्रवासातून परतल्यावर शिल्लक एकदम चार-पाच तासांनी खाली आलेली दिसली, तर ती चूक नसते, उशिरा झालेली नोंद असते.

चौथी गोष्ट खात्याची. कुटुंबाच्या किंवा दोघांच्या वर्गणीत हे तास फक्त वर्गणी सांभाळणाऱ्या मुख्य खात्याला मिळतात. बाकीच्यांना त्याच पुस्तकावर कुलूप दिसतं. घरात एकाच्या फोनवर पुस्तक लागतं आणि दुसऱ्याच्या फोनवर नाही, याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. फोन बदलून किंवा अ‍ॅप काढून पुन्हा टाकून त्यात फरक पडत नाही.

शिल्लक पाहण्यासाठी वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या चित्रावर दाबा, `Settings and privacy` उघडा आणि खात्याच्या भागात ऑडिओबुकच्या वेळेची नोंद शोधा. नवं पुस्तक सुरू करण्याआधी तिथे एकदा डोकावणं हा अर्ध्या मिनिटाचा उद्योग आहे, आणि त्याने सगळ्यात जास्त मनस्ताप वाचतो.

एका महिन्याचा हिशेब

धरा की मर्यादा १५ तासांची आहे, म्हणजे ९०० मिनिटं, आणि बिलाची तारीख १८. दोन पुस्तकं ऐकायची आहेत. पहिलं ११ तास ४० मिनिटांचं, म्हणजे ७०० मिनिटं. दुसरं ८ तास २० मिनिटांचं, म्हणजे ५००. रोजचा ऐकायचा वेळ ४० मिनिटं.

मूळ वेगाने ऐकलं तर पहिलं पुस्तक साडेसतरा दिवसांत संपतं. १८ तारखेला सुरू केलं आणि तो महिना ३० दिवसांचा असला, तर पुढच्या महिन्याच्या ५ तारखेला ते हातावेगळं होतं. शिल्लक राहतात २०० मिनिटं. लगेच दुसरं सुरू केलं तर ती १० तारखेला संपतात, आणि दुसरं पुस्तक ५०० पैकी २०० मिनिटांवर अडकतं. तिथून १८ तारखेपर्यंत आठवडाभर थांबावं लागतं.

आता हेच दीडपट वेगाने करून पाहा. रोजची ४० मिनिटं मीटरला ६० मिनिटं दिसतात. ९०० मिनिटं पंधरा दिवसांत खलास होतात, म्हणजे २ तारखेलाच कुलूप लागतं. पुस्तकातला जेवढा भाग आधी ऐकून झाला होता तेवढाच इथेही होतो, फक्त रिकामे दिवस सातचे पंधरा होतात. म्हणून तास मोजून मिळत असतील तेव्हा वेग वाढवण्याचा फायदा दिवसाचा वेळ वाचण्यापुरताच. महिन्यात जास्त पुस्तकं त्याने होत नाहीत.

मधल्या आठवड्यासाठी जादा तास विकत घ्यावेत का? रोज ४० मिनिटांनी सात दिवसांची गरज २८० मिनिटांची, म्हणजे पाच तासांहूनही कमी. जादा तासांचा गठ्ठा साधारण दहा तासांचा असतो. महिन्याचे तास महिन्यातच संपतात, पण विकत घेतलेला गठ्ठा बराच जास्त काळ टिकतो. म्हणून दर महिन्याला थोडी थोडी तूट येत असेल, तर तो घेण्यात अर्थ आहे. एखाद्याच महिन्यापुरती अडचण असेल, तर ते सात दिवस पॉडकास्टला द्यावेत हे बरं. पुस्तकातली जागा हलत नाही. १८ तारखेला `Your Library` मध्ये जाऊन प्ले दाबलं की त्याच वाक्याच्या आसपास वाचन सुरू होतं. एखादं पुस्तक पुन्हा पुन्हा ऐकायचंच आहे हे नक्की असेल, तर ते सुटं विकत घ्यावं. विकत घेतलेलं पुस्तक महिन्याच्या तासांतून वजा होत नाही. अ‍ॅपमध्ये खरेदीचं बटन दिसत नसेल तर त्याच खात्याने ब्राउझरमध्ये प्रवेश करून तिथे पाहा. काही फोनांवर अ‍ॅपच्या आतून खरेदी होत नाही.

पहिल्या पुस्तकानंतर २०० मिनिटं उरली आहेत हे आधीच माहीत असेल, तर आणखी एक चांगला मार्ग आहे. दुसरं मोठं पुस्तक अर्ध्यावर तोडण्याऐवजी तीन तासांचं एखादं छोटं पुस्तक निवडायचं. १८० मिनिटांत ते पूर्ण होतं, आणि मोठं पुस्तक नव्या महिन्याच्या भरलेल्या तासांवर सुरू करता येतं. प्रत्येक पुस्तकाच्या पानावर कालावधी छापलेला असतो, तो सुरू करण्याआधी वाचायचा असतो तो यासाठीच.

झोपेत गेलेले तास

तास सगळ्यात वेगाने जातात ते झोपेत. रात्री अकराला पुस्तक लावलं, डोळा लागला आणि सकाळी सहाला जाग आली, तर सात तास गेले. पंधरापैकी जवळपास निम्मे. गाणं रात्रभर वाजत राहिलं तर बॅटरीशिवाय काही जात नाही, त्यामुळे गाण्यांची सवय असलेल्या माणसाला हे पहिल्या रात्री सुचतच नाही. गेलेले तास परत मिळतील असं धरून चालू नका. वाजत असलेल्या पुस्तकाच्या पडद्यावर झोपेचं टायमर असतं, चंद्रकोरीच्या खुणेखाली किंवा तीन टिंबांच्या यादीत `Sleep timer` या नावाने. त्यात मिनिटं निवडता येतात, किंवा प्रकरण संपेपर्यंत असाही पर्याय असतो. प्रकरणं तासाभराची असतील तर हा शेवटचा पर्याय टाळा आणि १५ मिनिटं लावा. झोप लागली तरी नुकसान तेवढ्यापुरतंच, आणि सकाळी मागे जाऊन जागा शोधणंही सोपं पडतं.

असाच तोटा दुसऱ्या यंत्रावरही होतो. स्वयंपाकघरातल्या स्पीकरवर पुस्तक लावून माणूस बाहेर पडतो आणि ते मागे चालूच राहतं. निघताना फोनवरून थांबवलं की काम झालं. वाजत असलेल्या पडद्याच्या खाली कोणत्या यंत्रावर आवाज आहे ते लिहिलेलं असतं.

मोजणीतून सुटलेली पुस्तकं

अल्बमच्या रूपात असलेल्या पुस्तकांना तासांचा हिशेब लागत नाही, कारण अ‍ॅपच्या लेखी ती गाणीच आहेत. जर्मन भाषेत तर श्राव्य नाटकं आणि पुस्तकं वर्षानुवर्षं अशीच अल्बम म्हणून येत आली आहेत. पण त्यासोबत गाण्यांचे नियमही येतात आणि त्यांचा त्रास होतो. शफल चालू असेल तर सातव्या प्रकरणानंतर दुसरं लागतं. अल्बम उघडल्यावर पहिलं काम शफलचं चिन्ह बंद आहे ना हे पाहणं. फुकट खात्यावर फोनमध्ये गाण्यांचा क्रम ठरवण्यावर बंधनं येतात, म्हणून तिथे अशा अल्बमच्या नादी न लागलेलं बरं. अ‍ॅप पुस्तकातली जागा लक्षात ठेवतं, तशी अल्बममधली ठेवत नाही. मध्ये दोन गाणी लावली की कुठे होतो ते आपणच आठवायचं. सोपा उपाय असा: संपूर्ण अल्बम स्वतःच्या एका यादीत टाका आणि जे प्रकरण ऐकून झालं ते यादीतून काढा. मग जे सगळ्यात वर असेल, तिथून पुढे.

अशी यादी केल्याचा आणखी एक फायदा होतो. महिनाभर पुस्तकाची प्रकरणं गाणी म्हणून वाजली की गाण्यांच्या सुचवण्यांत निवेदकांचे आवाज घुसायला लागतात. यादीच्या तीन टिंबांमध्ये `Exclude from your taste profile` हा पर्याय असतो. तो आधीच लावून ठेवला तर गाण्यांची निवड बिघडत नाही. बिघडल्यानंतर लावला तर निवळायला वेळ जातो.

दुसऱ्या अ‍ॅपचा हिशेब

अ‍ॅमेझॉन म्युझिकच्या अनलिमिटेड वर्गणीत नोव्हेंबर २०२४ पासून अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडात ऑडिबल या अ‍ॅमेझॉनच्याच ऑडिओबुक सेवेचं पुस्तक आलं, पण मोजणी तासांवर नाही, नगावर आहे. महिन्याला एक पुस्तक, मग ते तीन तासांचं असो की चाळीस. तिथे निवडीचं गणित उलटं होतं. स्पॉटिफायवर चाळीस तासांच्या ग्रंथाला तीन महिन्यांचे तास जातात, नगाच्या हिशेबात तोच सगळ्यात किफायतशीर. छोटी पुस्तकं तासांच्या वर्गणीत ऐका आणि जाडजूड ग्रंथ नगाच्या वर्गणीत.

यूट्यूब म्युझिकमध्ये पॉडकास्ट आहेत, आणि ते पैसे न भरताही पडदा बंद ठेवून ऐकता येतात, गाण्यांना मात्र ही सूट नाही. अ‍ॅपल म्युझिकमध्ये शोधत बसू नका. अ‍ॅपलने पॉडकास्ट आणि पुस्तकं वेगवेगळ्या अ‍ॅपमध्ये ठेवली आहेत, आणि तिथे पुस्तक सुटं विकत घ्यावं लागतं.

पुस्तक मध्येच थांबलं तर

आवाज तुटला की आधी शिल्लक पाहा. शून्य असेल तर तास संपले. उतरवलेली फाइल फोनमध्ये दिसत राहील, पण वाजणार नाही. शिल्लक असूनही थांबलं असेल तर आधी त्याच फोनवर एखादं गाणं लावून पाहा. उतरवलेलं गाणंही वाजत नसेल तर प्रश्न पुस्तकाचा नाही. उतरवलेला साठा चालू राहण्यासाठी ३० दिवसांतून एकदा तरी नेटला जोडावं लागतं, आणि लांबच्या प्रवासात ते राहून जातं. गाणं वाजतं पण पुस्तक वाजत नाही आणि शिल्लकही आहे, असं असेल तर पुस्तकाचं पान उघडून कुलूप आलं आहे का ते पाहा. प्रकाशकाने एखादं पुस्तक वर्गणीतून काढून घेतलं की ते आपल्या यादीत राहतं, पण बंद होतं. त्यातलं काहीच नसेल तर उतरवलेली प्रत काढून पुन्हा उतरवा. ऐकलेली जागा खात्यात नोंदलेली असते, त्यामुळे ती यात जात नाही.